तांब्या-पेला, अजिंठा आणि जे.जे.: 'विलायती की देशी' हे भांडण नक्की कशावरून होतं?

महाराष्ट्रात शाळा केलेल्या बहुतेकांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असते किंवा निदान वर्गातल्या कुणीतरी दिलेली बघितलेली असते. बाकावर चादर, चादरीवर तांब्या, तांब्याशेजारी एखादं फळ, उजेड एका बाजूने, आणि समोर तीस-चाळीस पोरं एक डोळा मिटून पेन्सिल हातभर लांब धरून मापं घेतायत. मी कितीतरी वर्षं मुलांना हेच शिकवते. उजेडाची बाजू, अंधाराची बाजू, तांब्याच्या पोटाखाली चादरीवरून परत येणारा हलका उजेड, मग पडछाया. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, मॅडम, अजिंठ्याच्या चित्रात पडछाया का नाही हो? आम्ही नुकतीच सहल करून आलो होतो. मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर सांगितलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना, आणि त्याचं उत्तर शोधताना मी थेट दीडशे वर्षं मागे मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाऊन पोचले, कारण नेमक्या याच प्रश्नावरून तिथे आणि कलकत्त्यात चाळीस-पन्नास वर्षं कडाक्याचं भांडण चाललेलं होतं.

आधी हे स्कूल निघालं कशाला ते सांगते, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं चुकीचं कळतं. आपल्याला वाटतं आर्ट स्कूल म्हणजे चित्रकार घडवायची जागा. इंग्रजांच्या मनात तसं नव्हतं. 1851 साली लंडनला मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं, त्यात भारतातून गेलेलं विणकाम, धातूकाम, लाकूडकाम बघून तिकडचे डिझाइनवाले थक्क झाले, कारण यंत्रावर निघणाऱ्या त्यांच्या मालापुढे हे कितीतरी उजवं होतं. पण इकडे त्याच यंत्राच्या स्वस्त मालामुळे आपले कारागीर उघड्यावर पडत होते. मग या कारागिरांना वाचवायचं, त्यांना 'शास्त्रशुद्ध' ड्रॉइंग शिकवायचं, शिवाय सरकारी बांधकाम खात्याला, सर्व्हेला, रेल्वेला नकाशे काढणारे हात हवे होतेच, अशा सगळ्या कारणांच्या खिचडीतून ही स्कूलं निघाली. मद्रासला तर प्रदर्शनाच्या आधीच, 1850 मध्ये, अलेक्झांडर हंटर नावाच्या सर्जनने सुरू केलं, कलकत्त्याला 1854 मध्ये, आणि मुंबईला सर जमशेटजी जीजीभाईंनी 1853 साली एक लाख रुपये देऊ केले त्यातून 1857 मध्ये वर्ग सुरू झाले. लाहोरचं त्यानंतर, 1875 चं. आत्ता आपण सीएसएमटीजवळ बघतो ती जे.जे.ची इमारत 1878 ची.

म्हणजे ठरलं होतं सुतार, सोनार, पाथरवट, कुंभार यांच्यासाठी. पण आली कोण? ज्या सोनाराचा पोरगा बाराव्या वर्षी भट्टीशी बसून घरात दोन पैसे आणतो तो वर्षानुवर्षं फी भरून पुतळ्यांची चित्रं कशाला काढेल? आणि शिवाय शिकवणं चालणार इंग्रजीतून. त्यामुळे हळूहळू शिकल्यासवरल्या घरातली मुलं आली, ज्यांना सरकारी ड्राफ्ट्समनची किंवा ड्रॉइंग मास्तरची नोकरी हवी होती किंवा ज्यांना खरोखरच चित्रकार व्हायचं होतं. पहिली फट इथेच पडली. शाळा एकासाठी काढली, विद्यार्थी दुसरेच आले, आणि मग त्यांना काय शिकवायचं यावरून मास्तरांचंच आपसात एकमत होईना.

आता शिकवायचे काय, ते जवळून बघू. त्या काळात इंग्लंडमध्ये साउथ केन्सिंग्टनहून एक अभ्यासक्रम ठरवून दिलेला होता, पायऱ्या-पायऱ्यांचा, एकूण तेवीस पायऱ्यांचा, आणि तोच थोडाफार कमीजास्त करून इकडे आणला. पहिल्यांदा छापील तक्त्यावरून नुसती बाह्यरेषा उतरवायची, पानं, वेलबुट्टी, ग्रीक कुंभ. मग ठोकळे, शंकू, नळकांडी यांच्यावरून यथार्थदर्शन, म्हणजे लांब गेलेल्या रेषा एका बिंदूला कशा मिळतात ते. मग प्लास्टरचे पुतळे, आधी नुसता कान किंवा पाऊल, मग डोकं, मग अख्खा ग्रीक देव, आणि त्याच्यावर छायाप्रकाश, इतका बारीक की एका चित्राला आठवडेच्या आठवडे जायचे. शेवटी जिवंत मॉडेल. या सगळ्याच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते नीट पकडून ठेवा: बघणारा एका जागी उभा आहे, उजेड एका बाजूने येतोय, आणि त्या एका क्षणी डोळ्याला जे दिसतं ते कागदावर आणणं म्हणजे ड्रॉइंग.

आपल्याकडच्या जुन्या घराण्यांत, मग लघुचित्राची असोत की मंदिराच्या मूर्तिकारांची, सुरुवातच वेगळी असायची. तिथे पोरगा पहिल्यांदा रेषा शिकतो. गुरूच्या आकृतीवर भोकं पाडलेला खाका ठेवून त्याच्यातून कोळशाची पूड दाबायची, खाली ठिपके उमटतात, ते जोडायचे, असं शेकडो वेळा, की डोळे मिटून हातातून हत्ती निघेल. मापं तालात ठरलेली, चेहरा म्हणजे एक ताल, त्याच्या पटीत अंग. उजेड कुठूनही येत नाही कारण बघणारा एका जागी उभाच नाही, अंगण वरून दिसतं, माणूस समोरून दिसतो, हौद पुन्हा वरून. म्हणून पडछाया नाही! आठवीतल्या त्या मुलीचं उत्तर हे होतं, आणि ते "त्यांना जमत नव्हतं" असं नव्हतं. पण त्या काळच्या कितीतरी साहेबांना तसंच वाटायचं. 1877 ते 1880 मुंबईचे गव्हर्नर असलेले रिचर्ड टेंपल यांनी तर लिहूनच ठेवलंय की वस्तू अचूक काढणं ही गोष्ट भारतीयांना कधीच आली नव्हती आणि ती या शाळा त्यांना शिकवतील. मला हे वाचून पहिल्यांदा रागच आला, नंतर लक्षात आलं की मीही मुलांच्या चित्रावर लाल पेनाने "सावली चुकली" लिहिताना तेच माप वापरत असते.

आता जे.जे.मधला जो भाग मला सगळ्यात जास्त कळावासा वाटतो तो सांगते, कारण तिथे हे दोन्ही मार्ग अक्षरशः एका भिंतीपुढे येऊन उभे राहिले.

1865 साली मुंबईला दोन मास्तर आले, लॉकवूड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स. किपलिंग शिल्पाचा, क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शेतकऱ्या-बाजारकऱ्यांची उठावशिल्पं त्याची, आणि तो 1875 मध्ये लाहोरला गेला. ग्रिफिथ्स मात्र तीस वर्षं मुंबईत राहिला. व्हीटी स्टेशनवरची पानं-फुलं, पशुपक्षी, हे दगडातलं सजावटीचं काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे ते याच्या काळातलं. पण त्याचं मोठं काम अजिंठ्याचं.

अजिंठ्याच्या नकला त्याच्या आधी मेजर रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं तिथे राहून केल्या होत्या, आणि त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या असताना 1866 च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. तेव्हा ग्रिफिथ्सने सरकारच्या मागे लागून पुन्हा काम मंजूर करून घेतलं आणि 1872 च्या हिवाळ्यापासून तो जे.जे.ची पोरं घेऊन लेण्यांत जायला लागला, 1885 पर्यंत हे चाललं. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी विद्यार्थ्यांची नावं त्यात येतात. विचार करा, ज्यांनी वर्गात ग्रीक पुतळ्याचं नाक महिनाभर घोटून छायाप्रकाशात काढलंय ती मुलं सोळा आणि सतरा नंबरच्या अंधाऱ्या लेण्यात उभी आहेत आणि समोर दीड हजार वर्षांपूर्वीचं चित्र आहे.

आणि अजिंठ्यात एक गंमत आहे जी फोटोत कळत नाही, जवळ गेल्यावर कळते. तिथे छटा आहेत! चेहरा सपाट नाहीये. गालाच्या, दंडाच्या कडेला रंग गडद होत जातो आणि मध्ये उजळ, नाकाच्या शेंड्यावर आणि ओठावर पांढरट फटकारा, त्याने ते अंग फुगीर, भरलेलं दिसतं. जुन्या शिल्प-चित्रग्रंथांत याला वर्तना म्हणतात. पण ही छटा उजेडामुळे नाही. दोन्ही कडा सारख्याच गडद, म्हणजे उजेड डावीकडूनही नाही आणि उजवीकडूनही नाही, जणू अंगाच्या आतूनच उजळलंय. आता ज्या मुलाचा हात "एक बाजू उजेड, एक बाजू अंधार" असा बसलाय तो हे उतरवताना काय करेल? नकळत एक बाजू जास्त काळी करेल, कडेची रेषा थोडी विरघळवेल. लंडनच्या म्युझियममधल्या या नकलांचे फोटो मोठे करून मी पाहते तेव्हा काही ठिकाणी मला हेच दिसतं, चेहरे किंचित जास्त मऊ, किंचित व्हिक्टोरियन काळातल्या बायकांसारखे. आणि साहित्यही तिकडचंच, कॅनव्हासवर तैलरंग. मूळचं काय होतं? खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि काड्या मिसळलेल्या, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर गोंदासारख्या चिकट पदार्थात कालवलेले खनिज रंग, पिवळी आणि तांबडी माती, हिरवी माती, काजळ, लाजवर्दचा निळा. तेल त्यात कुठेच नव्हतं, आणि म्हणून मूळ रंग खडूसारखे कोरडे दिसतात आणि नकला चकाकतात.

एक वाईट गोष्ट पण सांगायला हवी. अंधुक झालेली चित्रं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी ग्रिफिथ्सच्या लोकांनी भिंतीवर वार्निश लावलं. त्यावेळी चित्र उठून दिसलं असणार, पण वार्निश वर्षांनी पिवळं-तपकिरी पडतं, त्याच्यात धूळ बसते आणि ते सुकताना खालच्या रंगाचे पोपडे ओढून काढतं. पुढे 1920 च्या सुमाराला निजामाने इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी पण शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, वापरलं. त्याचं ओझं अजिंठ्याची साफसफाई करणाऱ्यांना अजून वाहावं लागतंय. तैलचित्र कसं जपायचं हे ज्याला माहीत होतं त्याने भिंतचित्राला तेच औषध दिलं, इतकं साधं आणि इतकं दुःखद आहे ते.

आणि नकलांचं काय झालं? त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनला पाठवल्या आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली, बऱ्याच जळाल्या. दुसऱ्यांदा! उरलेल्यांवरून ग्रिफिथ्सने 1896-97 मध्ये दोन मोठे खंड छापले.

पण या सगळ्यात एक गोष्ट घडली जी कुणी ठरवली नव्हती. मुंबईच्या पोरांनी अजिंठा हाताने काढला होता. सोळा नंबरच्या लेण्यातली ती मरणासन्न राजकन्या, मान कललेली, बोटं सैल पडलेली, तिच्याबद्दल ग्रिफिथ्सने लिहिलंय की फ्लोरेन्सच्या चित्रकाराने ड्रॉइंग जास्त चांगलं केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकाराने रंग, पण यापेक्षा जास्त भाव दोघांपैकी कुणालाच आणता आला नसता. याच्यात त्याचं मोठेपण पण आहे आणि मर्यादा पण. मोजपट्टी अजून इटलीचीच आहे, पण तिच्यावरसुद्धा अजिंठा पुरून उरतो हे तो मान्य करतोय. "विलायती शिक्षण" आणि "देशी परंपरा" या दोन वेगळ्या खोल्या होत्या असं आपण समजतो ना, तर जे.जे.मध्ये देशी परंपरेची पहिली ओळख विलायती शिक्षणाच्या दारातूनच झाली.

याच शिक्षणातून निघालेली एक मूर्ती बघा, मग भांडणाकडे जाऊ. गणपतराव म्हात्रे नावाचा जे.जे.चा विद्यार्थी, 1896 मध्ये वय वीस, त्याने प्लास्टरमध्ये 'मंदिरपथगामिनी' केली. नऊवारी नेसलेली एक तरुण बाई, पूजेचं साहित्य घेऊन देवळात निघालीय. शरीराचं वजन एका पायावर, दुसरा गुडघा किंचित वाकलेला, त्यामुळे कंबर एका बाजूला झुकलीय आणि खांदे उलट्या बाजूला. हा ढंग अस्सल ग्रीक पुतळ्यांचा, कास्ट रूममध्ये, म्हणजे प्लास्टरच्या पुतळ्यांच्या खोलीत, बसून बसून हाताला लागलेला. पण वर नेसवलंय लुगडं! आणि लुगडं नुसतं पोशाख म्हणून नाही चढवलं, काष्ट्यामुळे पायाचा आकार स्वतंत्र दिसतो, पदर अंगाला चिकटून मग खाली सरळ पडतो, म्हणजे ग्रीक शिल्पात ओल्या कापडाच्या चुण्या जे काम करतात तेच इथे नऊवारीच्या चुण्या करतात. मला वाटतं या मुलाला हे दिसलं की आपल्या आईबहिणीच्या नेसण्यात ते सगळं आधीच आहे जे मास्तर प्लास्टरच्या पुतळ्यात दाखवतायत. सगळीकडे गाजली ती मूर्ती. रवींद्रनाथांनी बंगालीत तिच्यावर लिहिलं, आणि जॉर्ज बर्डवूड या भारतीय कारागिरीच्या मोठ्या जाणकार साहेबानेही वाखाणली. बर्डवूडचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

ज्या साली म्हात्र्यांनी ही मूर्ती केली त्याच साली, 1896 ला, ई. बी. हॅवेल मद्रासहून कलकत्त्याच्या आर्ट स्कूलचा प्रमुख म्हणून आला आणि त्याने फासाच उलटा टाकला. त्याचं म्हणणं, तुम्ही पोरांना तिसऱ्या दर्जाच्या युरोपियन चित्रांच्या नकला करायला लावताय आणि त्यांच्या स्वतःच्या परंपरेला आंधळं करताय. अभ्यासक्रम बदलला, पुढे स्कूलच्या गॅलरीतली युरोपियन चित्रं विकून त्याजागी मुघल लघुचित्रं घेतली. आता तुम्हाला वाटेल विद्यार्थी खूश झाले असतील. विद्यार्थ्यांनी संप केला! बंगाली वर्तमानपत्रांनी हॅवेलवर टीका केली की साहेब आम्हाला खरी 'उच्च कला' शिकू द्यायला तयार नाही, आम्हाला कारागीरच ठेवायचंय. एक गट स्कूल सोडून गेला आणि 1897 मध्ये रणदाप्रसाद गुप्तांनी वेगळी अकॅडमी काढली जिथे पाश्चात्य पद्धतच शिकवली जाई. म्हणजे स्वदेशी शैलीचा आग्रह धरणारा इंग्रज, आणि विलायती शिक्षण हक्काने मागणारे भारतीय. मला त्या विद्यार्थ्यांचं म्हणणं पटतं. ज्या गोष्टीला सगळं जग मोठं म्हणतं ती तुम्ही मला "तुझ्या स्वभावात बसत नाही" म्हणून नाकारणार असाल तर मी चिडणारच.

तरी हॅवेलही खोटा नव्हता. त्याला अवनींद्रनाथ ठाकूर भेटले, 1905 मध्ये ते स्कूलचे उपप्रमुख झाले, त्याच वर्षी बंगालची फाळणी, 'भारतमाता' हे त्यांचं चित्र त्याच वर्षीचं, आणि त्यांचा शिष्य नंदलाल बोस वगैरे मंडळी मिळून आपण ज्याला बंगाल स्कूल म्हणतो ते उभं राहिलं. पण 'भारतमाता' नीट बघा. धूसर, ओलसर, कडा विरलेल्या. हे मुघल चित्रात कुठे असतं? तिथे तर रेषा सुरीसारखी आणि रंग घोटून काचेसारखा केलेला. हा धूसरपणा आला जपानकडून. 1903 च्या आसपास योकोयामा ताइकान हा जपानी चित्रकार कलकत्त्याला राहून गेला, त्याचं बघून अवनींद्रनाथांनी वॉशची पद्धत बसवली, रंग लावायचा, अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, वाळू द्यायचा, परत रंग, परत पाणी. छान पद्धत आहे, मी शिकवतेही. पण ती 'शुद्ध देशी' म्हणून पुढे आली तेव्हा तिच्या पोटात आधीच दुसरा देश होता, जसा म्हात्र्यांच्या नऊवारीच्या आत ग्रीस होता.

मग 1910 साली लंडनच्या एका सभेत हॅवेल भारतीय कलेवर बोलला आणि अध्यक्षस्थानी होते तेच बर्डवूड. त्यांनी जावा बेटावरच्या ध्यानस्थ बुद्धमूर्तीचा फोटो दाखवून म्हटलं की असल्या मूर्तीऐवजी उकडलेलं चरबीचं पुडिंगही शांततेचं प्रतीक म्हणून तेवढंच चालेल. यावर टाइम्समध्ये तेरा कलावंत-समीक्षकांनी निषेधाचं पत्र छापलं आणि त्या वादातूनच भारतीय कलेची बाजू मांडणारी इंडिया सोसायटी निघाली. मला इथे थांबून विचार करावासा वाटतो की जो माणूस म्हात्र्यांची मूर्ती वाखाणतो त्याला बुद्धमूर्ती पुडिंग का वाटली? कारण म्हात्र्यांच्या मूर्तीत त्याला ओळखीचं व्याकरण दिसलं, गुडघा, घडी, वजन. बुद्धमूर्तीत स्नायू नाहीत, हाडं नाहीत, ती श्वास भरून धरलेल्या अंगासारखी गुळगुळीत आहे आणि ती तशी ठरवून केलेली आहे. शाळेने दिलेला चष्मा काढता आला नाही की काय होतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

मुंबई मात्र कलकत्त्याच्या वाटेने गेली नाही. ग्रिफिथ्सनंतर आलेल्या सेसिल बर्न्सच्या वीसेक वर्षांत पाश्चात्य पद्धत आणखीच पक्की झाली. कोल्हापूरहून 1890 मध्ये आलेले धुरंधर आधी विद्यार्थी, मग मास्तर, असे एक्केचाळीस वर्षं जे.जे.मध्ये होते आणि त्यांनी त्यावर मराठीत आत्मचरित्रही लिहिलंय. 1895 मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्यांच्या चित्रात पाठारे प्रभूंची लग्नं, मुंबईच्या रस्त्यावरच्या बायका, पुराणातले प्रसंग, सगळं आपलं, पण हात पक्का केन्सिंग्टनचा. बंगालवाल्यांनी मुंबईकरांना नकलाकार म्हटलं, मुंबईकरांनी बंगालवाल्यांना, यांना हात-पाय काढता येत नाहीत म्हणून धुकं पसरवतात असं म्हटलं, वर्तमानपत्रांतून दोन्हीकडून चिखलफेक.

1919 ला ग्लॅडस्टन सॉलोमन आला आणि त्याने एकाच वेळी दोन टोकाच्या गोष्टी केल्या. एकीकडे नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग, जो याआधी नव्हता, म्हणजे अकॅडेमिक शिक्षणाची शेवटची पायरी. दुसरीकडे 1920 मध्ये गव्हर्नर लॉइड यांचं पाठबळ घेऊन भित्तिचित्राचा वर्ग, ज्यात विषय आणि सजावट भारतीय. त्याचं गणित असं की आधी हाडं-स्नायू पक्के करा, मग भारतीय रेषा आपोआप सशक्त येईल. पुढे अहिवासी मास्तरांकडे भारतीय शैलीचा स्वतंत्र वर्गच आला. 1924 च्या वेम्बलीच्या प्रदर्शनात जे.जे.ची अख्खी खोली गेली, 1928-29 मध्ये नव्या दिल्लीच्या सचिवालयात भिंती रंगवायचं काम मिळालं, धुरंधरांनी तिथे कायदा खात्याच्या सदस्याच्या दालनात हिंदू आणि मुस्लिम न्यायदानाचे पट्टे रंगवले. पण कन्हैयालाल वकील यांच्यासारखे मुंबईतलेच समीक्षक सॉलोमनवर तुटून पडले की ही सरकारी पुनरुज्जीवनाची सजावट आहे, आतून आलेलं काही नाही. 1932 मध्ये तर खर्चकपातीच्या समितीने स्कूल बंदच करायची शिफारस केली, लोकांनी आरडाओरडा केला म्हणून वाचलं.

मला सॉलोमनच्या गणितात एक चूक दिसते, आणि ती मी वर्गात रोज बघते म्हणून सांगते. आधी छायाप्रकाश पक्का करून मग रेषा आणता येते असं नाही. छायाप्रकाश शिकलेला हात रेषेला कड समजतो, म्हणजे वस्तू संपते ती जागा. रेषा शिकलेला हात रेषेला हालचाल समजतो. एका मुलाला दोन्ही येऊ शकतं, पण एक शिकवलं की दुसरं फुकट मिळत नाही, दोन्हीला वेगवेगळी वर्षं द्यावी लागतात. तपासायचं असेल तर मुलाला एकाच दमात, पेन न उचलता, बसलेल्या माणसाची पाठ काढायला सांगा. ज्याची रेषा तुटक-तुटक, केसाळ, दहा वेळा चाचपत येते त्याने मापं शिकलीत पण रेषा नाही. आणि खाक्यावरच वाढलेल्याला समोरचा वाकडा बसलेला जिवंत माणूस काढायला सांगा, तो त्याला साच्यातलाच माणूस काढून देतो.

आता शेवटची गोष्ट, गोव्याची. सांत इस्तेव्हचा आंजेलो द फोन्सेका, जन्म 1902, जे.जे.त आला, आणि तिथल्या विलायती वळणाला कंटाळून थेट बंगालला गेला, अवनींद्रनाथ आणि नंदलाल यांच्याकडे शिकला. 1931 च्या सुमाराला गोव्यात परत येऊन त्याने मरियाबाई काढली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्याकडच्या बायकांसारखी. गोव्यात लोक भडकले. चर्चमधली मरियाबाई गोरीपान, निळ्या झग्यातली, शेकडो वर्षं तीच बघितलेली, त्यांच्या दृष्टीने तीच 'आपली' होती आणि फोन्सेकाची परकी. त्याला तिथे राहणं अशक्य झालं आणि तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला, 1967 मध्ये वारला तोपर्यंत चित्रं काढत होता.

मी वर्गात त्याची एक मरियाबाई आणि म्हात्र्यांच्या मूर्तीचा फोटो शेजारी शेजारी लावते आणि मुलांना फक्त पदर बघायला सांगते. एकीकडे पदराला वजन आहे, तो गुडघ्यावरून खाली ओढला जातो. दुसरीकडे पदर एका सलग रेषेत वाहतो, त्याच्याखाली गुडघा आहे की नाही ते त्याला विचारायचंच नाही. गेल्या वर्षी एका मुलाने दोन्ही पदर एकाच कागदावर काढून आणले, आधी एक, त्याच्यावरून दुसरा, आणि मला म्हणाला, मॅडम, आईला विचारलं, ती म्हणाली सकाळी नेसताना असा असतो आणि दुपारी असा.